शेरा मवाळ, चूक स्पष्ट

‘डोके ठिकाणावर आहे का? विषय सोडून गाईड उतरवले. लिंगाचा पत्ता नाही. ळ लिहिता येत नाही? पूर्णविराम शून्य. १० पैकी ३.’

उर्दू माध्यमाच्या नववीतील एका मुलीच्या मराठी वहीवर हा शेरा होता. निबंधाचा विषय होता ‘आमच्या वस्तीतील पहिला पाऊस’. वही घेऊन ती संध्याकाळी आमच्याकडे आली, तेव्हा तिला शेऱ्यातले पहिले वाक्य तेवढे पाठ होते. बाकीचे चार दोष तिने नीट वाचलेच नव्हते. कठोर शेऱ्याचे खरे नुकसान हेच. मुलाचे मन दुखते ते दुखतेच, पण दुखऱ्या मनाने ते पुढचे वाचत नाही.

आम्ही निबंध वाचला. चारही दोष खरे होते. पहिल्या दोन परिच्छेदांत हिरवी शेते आणि आनंदलेला शेतकरी. तिच्या मोहल्ल्यात शेत औषधाला नाही. तीच वाक्ये तिच्या वर्गातील आणखी तिघांच्या वहीत होती. तिसरा परिच्छेद मात्र तिचा स्वतःचा. नळाजवळचे झाड कोसळले, कापडाच्या दुकानात पाणी शिरले आणि अब्बांनी गठ्ठे माळ्यावर चढवले. पण लिहिताना ‘झाड पडला’, ‘पाणी शिरला’, ‘दुकान भिजली’. ‘माळ्यावर’चे झाले होते ‘माल्यावर’. आणि अकरा ओळींचे हे सगळे एकच वाक्य.

शेरा मवाळ करताना आम्ही आधी पाहतो, कोणता शब्द मुलावर पडतो आणि कोणता लिखाणावर. ‘डोके ठिकाणावर आहे का’ हा मुलीवर पडतो. त्यातून काय सुधारायचे ते कळत नाही. तो पूर्ण काढायचा. उरलेल्या चारांतला एकही काढायचा नाही. प्रत्येकाला जागा दाखवायची, कारण सांगायचे आणि पुढे काय करायचे ते लिहायचे.

कारण सांगितले की शेरा आपोआप मवाळ होतो. उर्दूत लिंगे दोनच, मराठीत तीन. घरी दुकान स्त्रीलिंगी आणि पानी पुल्लिंगी बोलणारी मुलगी मराठीतही तसेच लिहिणार. ळ हा उच्चार तर उर्दूत नाहीच. हा निष्काळजीपणा नव्हे, पण चूक ती चूकच, आणि गुण तीनच राहतात. गुण वाढवून दिलासा देणे आम्हाला पटत नाही.

त्याच चार दोषांचा शेरा आम्ही असा लिहून दिला:

‘तिसरा परिच्छेद विषयाला धरून आहे, गठ्ठे चढवणारे अब्बा डोळ्यांसमोर येतात. पहिले दोन परिच्छेद गाईडमधले आहेत, आपल्या वस्तीतले नाहीत. ते काढ आणि झाड पडले तेव्हा कोण काय म्हणाले ते लिही. झाड, पाणी, दुकान हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी: पडले, शिरले, भिजले. असे सात शब्द अधोरेखित केले आहेत. ल च्या जागी ळ हवा अशा पाच शब्दांभोवती गोल आहे. तिसरा परिच्छेद मोठ्याने वाच. श्वास घ्यावा लागेल तिथे पूर्णविराम दे. १० पैकी ३.’

यात कौतुक एकच आहे आणि तेही खरे. ‘छान प्रयत्न, पण थोडे लक्ष दे’ असा शेरा गोड असतो, मात्र लक्ष कशाकडे द्यायचे ते तो सांगत नाही. ‘जमल्यास’ हा शब्दही आम्ही टाळतो. मुलाला वाटते, नाही जमले तरी चालेल. ‘इथे आणखी लिहिता येईल का?’ असे विचारले, तर बरीच मुले मनात ‘नाही’ म्हणून पान उलटतात.

मवाळपणा जास्त झाला का, हे कळते कसे? वही मिटायला सांगून विचारायचे, ‘आता काय काय बदलशील?’ चार गोष्टी आल्या तर शेरा बरोबर. ‘टीचर, तुम्हाला निबंध आवडला ना?’ असे उत्तर आले तर तो पुन्हा लिहायचा. या मुलीने तीन सांगितल्या, पूर्णविराम विसरली. ती ओळ आम्ही वेगळी करून खाली पुन्हा लिहिली.

घरी अम्मी किंवा दादीला मराठी वाचता येत नसेल, तर शेरा भावंडे वाचून दाखवतात आणि बहुधा आपला मसाला घालून. म्हणून मुलीलाच वाचायला सांगावे आणि प्रत्येक वाक्यानंतर वहीतली ती जागा दाखवायला लावावी. ‘मी सांगत होते ना’ हे त्या वेळी नको.

दुसऱ्या खेपेला गाईडचे परिच्छेद गेले होते. ‘दुकान भिजले’ बरोबर आले, पूर्णविराम नऊ झाले, ळ फक्त एका ठिकाणी चुकला. पण नव्या मजकुरात होते: ‘आमचा घर गळत होता.’ म्हणजे तीन शब्द सुधारले, नियम अजून बसलेला नाही. त्याखाली आम्ही लिहिले, ‘घरसुद्धा नपुंसकलिंगी: आमचे घर गळत होते. शब्दाआधी तो, ती, ते लावून बघ, आणि असे दहा शब्द उद्या लिहून आण.’