कुत्रा भांड्यावर गुरगुरतो तेव्हा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की कोणीतरी जाणकार सल्ला देतो, ‘जेवताना मधूनमधून त्याच्या भांड्यात हात घालत जा, भांडं उचलून घ्या, म्हणजे मालक कोण हे त्याला कळेल.’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो चुकीचा आहे. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये कुत्रे पाळणाऱ्यांकडून गोळा केलेल्या माहितीत असं दिसलं की, ज्या घरांत जेवताना भांडं काढून घेतलं जायचं, तिथल्या कुत्र्यांमध्ये राखणदारीचे प्रकार जास्त तीव्र होते. उलट, कुत्रा जेवत असताना भांड्यात आणखी काही चविष्ट टाकलं जायचं, तिथे हा त्रास कमी होता.

कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला तर पानावर हात आडवा धरून कोणी त्याच्याकडे डोळे वटारत नाही. पण जवळ येणारा प्रत्येक माणूस पानातलं उचलून नेऊ लागला, तर चार दिवसांत आपणही कोपर पसरून जेवू लागू. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला घरावर सत्ता गाजवायची असते, हा समज सोडून द्या. माणूस जवळ आला की आपला घास जाणार, एवढीच त्याची भीती असते. रस्त्यावरून आणलेल्या किंवा मोठ्या वेतात भावंडांशी झटून खाल्लेल्या कुत्र्यात ती जास्त असू शकते, पण लाडाकोडात वाढलेल्या लॅब्राडॉरमध्येही दिसते.

गुरगुर ही सुरुवात नव्हे. त्याच्या बरंच आधी कुत्रा खाता खाता क्षणभर थिजतो, किंवा एकदम भराभर गिळायला लागतो. डोकं भांड्यावर आणखी झुकतं, अंग ताठरतं, मान न वळवता तो कडेने बघतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही की मग ओठ वर उचलतो, गुरगुरतो, हवेत दात वाजवतो आणि शेवटी चावतो. म्हणून गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, भीती मात्र तशीच राहते. पुढे ‘काही कारण नसताना एकदम चावला’ असं लोक सांगतात, त्यातल्या कित्येक कुत्र्यांच्या धोक्याच्या घंटा आधीच बंद केलेल्या असतात.

आता ही भीती घालवायची कशी? समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन वर्षांची चिंगी नावाची देशी कुत्री आहे. स्वयंपाकघराच्या दारात तिला चिकन-भात मिळतो, आणि येणारा-जाणारा सहा फुटांवर आला की ती ताठरते. पहिलं काम म्हणजे तिची जागा बदलणं. वर्दळीच्या दारातून भांडं हलवून कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायचं, दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक बसवायचं. सराव नसेल तेव्हा ती एकटी, शांतपणे जेवेल. निम्मा प्रश्न इथेच सुटतो. दुसरं काम, जनावरांच्या डॉक्टरांकडून तपासणी. दातदुखी, सांधेदुखी किंवा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी वाढलेली भूक यांमुळेही कुत्रा जेवताना चिडका होतो, विशेषतः हा स्वभाव अचानक बदलला असेल तर.

मग सराव. भांड्यात रोजचंच साधं खाणं ठेवायचं. हातात उकडलेल्या चिकनचे बिनहाडाचे, नखाएवढे तुकडे घ्यायचे, मीठ-मसाला-कांदा नको. शाकाहारी घरात पनीर चालतं. चिंगी सहा फुटांवर ताठरते, म्हणून सुरुवात दहा फुटांवरून आणि शक्यतो फाटकाच्या बाहेरून. तिच्याकडे थेट न जाता बाजूने चालत यायचं, ठरलेल्या अंतरावर भांड्याजवळ पडेल असा एक तुकडा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. वाकायचं नाही, नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत, कुरवाळायचं तर मुळीच नाही. एका जेवणात असं पाच-सहा वेळा पुरे.

इथे क्रम सांभाळावा लागतो. आधी माणूस दिसला पाहिजे, मग चिकन. लांबूनच चिकनचा वास देत, पुडी वाजवत आलात तर कुत्री पुडीकडे लक्ष देते आणि तुमच्या येण्याचा अर्थ तिच्या लेखी बदलत नाही.

काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच चिंगी भांड्यातून तोंड वर काढून, अंग सैल, शेपटी हलवत तुमच्याकडे बघू लागेल. हीच पुढे सरकण्याची खूण. मगच अंतर फूटभर कमी करायचं. ती थिजली, भराभर गिळू लागली तर तुम्ही घाई केली आहे. त्या वेळी मुकाट्याने मागे व्हा आणि पुढच्या जेवणाला आधीच्या अंतरावरून सुरू करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे पहिल्यापासून करावं लागतं, कारण आईबद्दल पटलेलं बाबांबद्दल आपोआप पटत नाही. यात आठवडे जातात. शेवटी भांड्याशेजारी उभं राहून तुकडा आत टाकता आला की बहुतेक घरांचं काम झालं. भरलं भांडं तोंडापुढून उचलता येण्याची परीक्षा कशाला हवी?

खेळणी आणि चोरलेले मोजे यांच्याबाबत अदलाबदल शिकवावी. सुरुवात जिची त्याला फारशी फिकीर नाही अशा वस्तूपासून. ‘सोड’ म्हणायचं, नाकापुढे चिकन धरायचं, वस्तू सोडली की चिकन द्यायचं आणि वस्तूही परत द्यायची. परत मिळते हे कळलं की धरून ठेवायची गरज उरत नाही. मग हळूहळू जास्त आवडत्या वस्तू घ्यायच्या. सराव होण्याआधीच मोजा पळवला तर मागे धावू नका आणि जबडा उघडायला जाऊ नका. दुसऱ्या खोलीत चिकनचे तुकडे विखरून टाका, कुत्रा तिकडे गेला की दार लावा आणि मग मोजा उचला. अमेरिकेतल्या 2009 च्या एका पाहणीत, कुत्र्याच्या तोंडातून वस्तू जबरदस्तीने काढून घेणाऱ्या मालकांपैकी 39 टक्क्यांनी कुत्रा त्यावर आक्रमक झाल्याचं सांगितलं होतं. उरलेली हाडं हा तर भांडणाचा हमखास विषय. शिजवलेलं हाड फुटून घशात-आतड्यात अडकतं, त्यामुळे ते देऊच नये.

हा सराव लहान मुलांनी करायचा नाही, मोठ्यांच्या देखरेखीखालीही नाही. मूल पळतं, अडखळतं, खाली बसून कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेतं, आणि चावा थेट चेहऱ्यावर बसतो. घरात मूल असेल तर कुत्र्याचं जेवण कायम बंद दारामागे. दोन कुत्रे असतील तर दोन खोल्या. काही कुत्री आयुष्यभर माणसाला भांड्याजवळ सैलपणे स्वीकारत नाहीत, त्यांच्यासाठी बंद दार हाच कायमचा आणि चांगला उपाय आहे.

कुत्रा एकदा चावला असेल, किंवा तो कशावर आणि कधी चिडेल याचा अंदाज येत नसेल, तर घरगुती सराव थांबवा. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला गाठा, आणि तोपर्यंत कुत्र्याला जाळीदार मुसक्याची सवय लावा, तीही खाऊ देऊन. दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा, कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी.