इंग्रजीतून आलेल्या उत्तराचं काय करायचं?

न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरातलं मूल तीन वर्षांचं होईपर्यंत बहुधा छान मराठी बोलतं. मग ते प्रीस्कूलला जायला लागतं आणि काही महिन्यांत आईच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीतून उत्तरं येऊ लागतात. त्याला कळतंय सगळं, म्हणून कोणी काळजी करत नाही. पण मराठी सुटायला सुरुवात इथेच होते. ऐकून समजणं वेगळं आणि वाक्य जुळवून बोलणं वेगळं. काही वर्षं उत्तर इंग्रजीतच देत राहिलेलं मूल फोनवर आजीशी ‘हो’, ‘नाही’च्या पुढे जात नाही.

घरात कोण काय बोलतं यावर किती अवलंबून असतं, हे भाषाशास्त्रज्ञ ॲनिक डी हाउवर यांनी बेल्जियमच्या डचभाषक भागात पाहिलं. तिथल्या सुमारे १९०० कुटुंबांचा त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. आई आणि वडील दोघंही घरात फक्त आपली भाषा बोलत होते, अशा घरांपैकी जवळजवळ ९७ टक्के घरांतली मुलं ती भाषा बोलत होती. एक जण दोन्ही भाषा मिसळत होता आणि दुसरा फक्त डच बोलत होता, तिथे हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

तरीही पालकांनी मराठी बोलणं पुरत नाही. मुलाचं इंग्रजी उत्तर आलं की पुढे काय होतं, हेही तितकंच महत्त्वाचं. नॉर्वेत वाढणाऱ्या द्विभाषक मुलांचा अभ्यास करताना एलिझाबेथ लांझा यांनी नेमका हाच क्षण टिपला. मूल म्हणालं, “आय वाँट वॉटर.” आई कळलं नसल्यासारखं विचारू शकते, “काय हवंय?” किंवा अंदाज करते, “पाणी हवंय का?” किंवा “तुला पाणी हवंय” असं आपणच मराठीत म्हणून मोकळी होते. कधी काही न बोलता पेला हातात देते, तर कधी स्वतःच इंग्रजीकडे वळते. या क्रमाने मुलावरचा मराठी बोलण्याचा आग्रह कमी कमी होत जातो.

दमून आलेल्या मुलाशी पहिला उपाय ताणला की त्याचा हट्ट होतो. त्यापेक्षा “माठातलं देऊ की फ्रिजमधलं?” असं विचारणं सोपं. ‘हवंय का’ला नुसती मान हलवून भागतं, निवड करायला मात्र एक तरी मराठी शब्द उच्चारावा लागतो. मूल शाळेतलं भांडण रडत रडत सांगत असेल, तर ते कोणत्याही भाषेत आधी ऐकून घ्यावं. रात्री जेवताना “बाबाला सांग ना काय झालं ते” म्हटलं की तीच गोष्ट मराठीतही येते. त्यात ते ‘शाळामध्ये’ म्हणेल, ‘माझा पुस्तक’ म्हणेल. तिथे त्याला थांबवू नये. “अच्छा, शाळेत तुझं पुस्तक हरवलं?” एवढ्यात बरोबर रूप कानावर पडतं आणि गोष्टही तुटत नाही.

रविवारच्या मराठी शाळेकडून मग काय अपेक्षा ठेवायची? १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत अनेक गावांत अशा शाळा चालतात, बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक पालकांच्या बळावर. समजा, वर्ग दोन तासांचा आहे आणि वर्षात असे तीस रविवार मिळाले. साठ तास झाले, म्हणजे इंग्रजी शाळेचे जेमतेम दहा दिवस! एवढ्या वेळात बोलणं शिकवणं अवघडच. पण घरात सहसा न होणारी दोन कामं तिथे होतात. आईबाबांखेरीज इतरही मराठी बोलतात, आपल्या वयाची मुलंसुद्धा, हे मुलाला दिसतं. आणि अक्षरओळख नेमाने पुढे सरकते. ‘कर्ण’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत ‘र’ चार रूपं घेतो, आणि ती सगळी डोळ्यांत बसायला महिने लागतात.

वाचनाची खरी अडचण त्यानंतर येते. दहा वर्षांचं मूल इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचत असतं आणि मराठीत मात्र चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक त्याच्या हाती दिलं जातं. त्याला ते अपमानास्पद वाटतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. लहानपणी माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मांडीवर बसून ऐकलेल्या मुलाला आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हवा असतो, पण वाचनाचा वेग तेवढा नसतो. अशा वेळी मोठ्याने वाचून दाखवणं थांबवू नये: पान आईने किंवा बाबाने वाचायचं आणि त्यातले संवाद तेवढे मुलाने. एकट्याने वाचायला प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही इंटरनेटवर आहेत. त्यातली कोडी आणि विनोद आधी काढावेत; ते दोन-चार ओळींत संपतात, आणि उत्तर कळण्यासाठी मूल शेवटची ओळ स्वतःच वाचतं.