अर्धवेळ मदतनिसाच्या हाती दुकानाचे खाते

घरगुती फराळ विकणाऱ्या दुकानाचे फेसबुक पान, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सांभाळायला बहुतेक वेळा कॉलेजात जाणारी एखादी मुलगी संध्याकाळी दोन-तीन तास येते. पहिल्याच दिवशी तिला चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला जातो आणि पहिली चूक तिथेच होते. ज्याच्याकडे पासवर्ड, तो खात्याचा मालक. नोंदवलेला ईमेल बदलून मूळ मालकालाच बाहेर काढणे त्याला जमू शकते. मदतनिसाची नियत साफ असली तरी तिचा मोबाइल हरवू शकतो, तिला फसवले जाऊ शकते. म्हणून द्यायचा तो पासवर्ड नव्हे, कामापुरता प्रवेश.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी ही सोय मेटा बिझनेस सूटमध्ये आहे. मदतनीस स्वतःच्या फेसबुक खात्याने आत येते आणि मालक तिला पूर्ण ताबा न देता ठरावीक कामे नेमून देतो. पोस्ट लिहिणे, निरोपांना आणि प्रतिक्रियांना उत्तर देणे एवढे पुरते. जाहिरातींचे काम सुरुवातीला देऊ नये, कारण त्या खात्याला दुकानाचे कार्ड जोडलेले असते. इन्स्टाग्राम पानाला जोडलेले असेल तर पोस्ट आणि निरोप इथूनच हाताळता येतात, त्याचा पासवर्ड सांगावा लागत नाही. रीलला गाणे लावण्यासारखी काही कामे मोबाइल अ‍ॅपमध्येच नीट होतात. ती मालकाने आपल्या फोनवरून करावीत.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या पद्धतीत दुकानाचे पान मदतनिसाच्या खासगी खात्याइतकेच सुरक्षित राहते. तिचे खाते चोरीला गेले तर चोराला तिची सगळी कामे करता येतात. पूर्ण ताबा मात्र त्याला मिळत नाही, त्यामुळे मालकाच्या हातून पान सुटत नाही. म्हणून प्रवेश देण्याआधी तिच्या खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून घ्यावी. पूर्ण ताबा मालकाशिवाय घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाकडे असावा, म्हणजे एकाचे खाते अडकले तरी वाट राहते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या साध्या अ‍ॅपमध्ये असे वाटप जवळजवळ नाही. मदतनिसाचा संगणक Linked devices मधून जोडला की तिथे पोचलेल्या सगळ्या गप्पा तिला दिसतात. त्यामुळे दुकानाचा क्रमांक घरच्यापेक्षा वेगळा हवा आणि ते सिमकार्ड मालकाच्या फोनमध्येच राहायला हवे. नोंदणीचा सहा अंकी कोड त्याच क्रमांकावर येतो, आणि ‘चुकून तुमच्याकडे आलेला कोड पाठवा’ असे म्हणणारा माणूस तोच मागत असतो. दुहेरी पडताळणीचा पिन मालकाने स्वतःपाशी ठेवावा.

प्रवेश ठरला की यादीकडे वळायचे. चाळीस ओळींची यादी दुसऱ्या दिवसापासून कोणी वाचत नाही. खरोखर चूक होते त्या क्षणापुरती चार-पाच ओळींची यादी टिकते. पोस्टआधी पाहायचे ते असे: पोस्ट दुकानाच्या नावाने जाते आहे की स्वतःच्या, दर आणि वजन आजच्या दरपत्रकाशी जुळते का, ऑर्डरची शेवटची तारीख लिहिली आहे का, फोटोत दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारले आहे का. पहिले दोन आठवडे प्रत्येक पोस्ट दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ची वेळ लावून ठेवायची. मालक रात्री ती पाहतो. ‘चकली 420 रुपये किलो’ऐवजी ‘अर्धा किलो’ असे लिहिले गेले असेल, तर गिऱ्हाईक पाहण्याआधी ते सापडते.

पैशांसाठी वेगळा नियम लागतो. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बनवणे फारच सोपे असते, आणि मदतनिसाला बँक खाते दिसत नाही, दिसूही नये. म्हणून ‘पैसे मिळाले’ हे वाक्य तिने कधीच लिहायचे नाही. स्क्रीनशॉट आला की ती त्या गप्पेला Pending payment हे लेबल लावते. मालक बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम पाहून Paid लावतो, आणि त्यानंतरच खोके बांधले जाते. कोणी ‘जास्त पैसे गेले, परत करा’ म्हणाले तरी रस्ता हाच.

कोणती गोष्ट वर कळवायची, हा सगळ्यात अवघड भाग. ‘गंभीर वाटल्यास कळवा’ हा नियम निरुपयोगी आहे, कारण गंभीर काय हे नव्या माणसाला कळत नाही. नियम निरोपातल्या शब्दांवर बांधावा. दर, पत्ता, पोच कधी मिळेल, असे विचारणाऱ्यांना तिने तयार उत्तरे द्यावीत. सवलत, परतावा, दहा किलोपेक्षा मोठी ऑर्डर किंवा दरपत्रकात नसलेला पदार्थ आला, तर मालकाला लिहून कळवावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ‘खाऊन त्रास झाला’, ‘अ‍ॅलर्जी’, ‘पोलीस’, ‘वकील’, ‘पत्रकार’ हे शब्द दिसले किंवा कोणी कोड, पासवर्ड मागितला, तर ताबडतोब फोन. मालकाने दहा मिनिटांत फोन उचलला नाही तर दुसरा फोन कोणाला, हेही कागदावर हवे. ते नसले की नियम नेमका दिवाळीच्या गर्दीत मोडतो.

समजा, शनिवारी संध्याकाळी पानावर प्रतिक्रिया येते: ‘तुमचे बेसन लाडू खाऊन मुलाला उलट्या झाल्या.’ घाबरलेला माणूस ती पुसून टाकतो किंवा ‘आमचा माल ताजाच असतो’ असे उत्तर देतो. दोन्हींनी प्रकरण चिघळते. मदतनिसाने आधी स्क्रीनशॉट घ्यावा, फोन करावा आणि ठरलेले एकच वाक्य लिहावे: ‘वाचून वाईट वाटले. मुलाला डॉक्टरांना दाखवले नसेल तर कृपया दाखवा. आपला क्रमांक निरोपात पाठवा, मालक स्वतः फोन करतील.’ कारण विचारू नये, दोष घेऊ नये, नाकारूही नये. त्या घाण्यातले उरलेले लाडू बाजूला काढणे आणि इतर गिऱ्हाइकांना कळवणे हे निर्णय मालकाचे.

दुसरा नमुना फसवणुकीचा. ‘मेटा सपोर्ट’ अशा नावाने निरोप येतो की पानाने कॉपीराइटचा नियम मोडला आहे, 24 तासांत ते बंद होईल, दिलेल्या लिंकवर अपील करा. लिंक पासवर्ड मागणाऱ्या नकली पानावर नेते. खरी सूचना असेल तर ती बिझनेस सूट स्वतः उघडून पाहिल्यावरही दिसते. म्हणून निरोपातली लिंक उघडायची नाही आणि मालकाला फोन करायचा.

हे शिकवायला भाषण नको. नावे झाकलेले वीसेक जुने निरोप समोर ठेवावेत आणि स्वतः उत्तर, थांबणे की फोन, एवढेच विचारावे. तीन-चार ठिकाणी ती अडखळली तर बहुधा नियमच धूसर असतो आणि दुरुस्ती त्याचीच करायची. तिने विनाकारण केलेल्या फोनवर मालक वैतागला, तर पुढचा गरजेचा फोन येत नाही. पहिल्या महिन्यात नको तितके फोन येणार, हे मालकाने धरूनच चालावे.

काम सुटते त्या दिवशी, शेवटचा पगार देतानाच, बिझनेस सूटमधून तिचे नाव काढावे आणि Linked devices मधून तिचा संगणक लॉगआउट करावा. तिच्या फोनमधले गिऱ्हाइकांचे क्रमांक आणि फोटो तिच्यासमक्ष पुसून घ्यावेत. महिन्यातून एकदा दोन्ही याद्या उघडून पाहिल्या, तर गेल्या दिवाळीतला एखादा संगणक अजून जोडलेला आहे का तेही कळते.