थंड पाणी खेळवायचे की गॅस?

इमारतीतली उष्णता बाहेर काढण्याचे मध्यम आकाराच्या हॉटेलपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिल्यात गच्चीवर किंवा मागच्या अंगाला चिलर बसवतात. तो पाणी साधारण 7 अंशांपर्यंत थंड करतो, पंप ते खोल्याखोल्यांतून फिरवतात आणि 12 अंशांच्या आसपास तापलेले पाणी परत येते. दुसऱ्या मार्गात पाणी नसतेच. बाहेरच्या युनिटमधून तांब्याच्या नळ्यांतून गॅसच थेट खोलीपर्यंत जातो आणि जितक्या खोल्या चालू असतील तितकाच कॉम्प्रेसर वेग घेतो. या पद्धतीला व्हीआरएफ म्हणतात. जपानच्या डायकिन कंपनीने ती 1982 मध्ये बाजारात आणली.

गोव्याच्या किनाऱ्यावर 80 खोल्यांचे हॉटेल आहे असे समजू. भर मे महिन्याच्या दुपारी एका खोलीला सव्वा टन धरले, तर खोल्यांचे 100 टन होतात. उपाहारगृह आणि स्वागतकक्ष यांचे 25, समारंभाच्या हॉलचे 40. सगळे एकाच वेळी शिखरावर नसल्याने 120 टन पुरतात, म्हणजे 60 टनांचे दोन चिलर. कागदावर हिशोब चोख आहे, पण तो हॉटेल भरलेले असतानाचा आहे.

जुलैतल्या मंगळवारची रात्र घेतली की चित्र पालटते. वीस खोल्या भरलेल्या, बाहेर पाऊस, प्रत्येकीला जेमतेम अर्धा-पाऊण टन. एकूण 12 टन म्हणजे एका चिलरच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा. अनेक स्क्रू चिलर पाव क्षमतेखाली सलग चालू शकत नाहीत, ते बंद-चालू होत राहतात. एका चिलरसाठी सेकंदाला सुमारे 9 लिटर पाणी ढकलणारा पंप मात्र वेग कमी करण्याची सोय नसेल तर साडेतीन किलोवॉट खातच राहतो. इतका कमी भार वाहायला चिलरला लागणारी वीज 12 ते 15 किलोवॉट, आणि तिच्यावर ही पाव भागाची भर. व्हीआरएफची खरी कमाई इथे आहे. ज्या हॉटेलचे वर्षातले बरेच महिने अर्धे रिकामे जातात, तिथे वीजबिल शिखराच्या दिवशी नव्हे, अशा रात्रींनी ठरते. चिलरच्या बाजूने उत्तर द्यायचे तर एक लहान चिलर वेगळा ठेवावा आणि पंपांना वेग बदलणारे ड्राइव्ह लावावेत. त्याचा खर्च निविदेत बहुधा दिसत नाही, म्हणून तो आवर्जून विचारावा.

व्हीआरएफचा धोका वेगळ्या जागी असतो, झोपलेल्या पाहुण्याच्या छतात. बारा खोल्यांच्या एका संचात नळ्यांसह 30 किलो गॅस असू शकतो. सर्रास वापरला जाणारा आर-410ए विषारी नाही, पण हवेपेक्षा जड आहे आणि साचला तर श्वासाची हवा हटवतो. दर घनमीटर जागेला त्याची मर्यादा सुमारे 0.42 किलो मानतात. चार मीटर बाय पाच मीटर, 2.7 मीटर उंचीची खोली 54 घनमीटरची होते आणि तिला 23 किलोपेक्षा जास्त चालत नाही. सांधा फुटून संचातला सगळा गॅस एका खोलीत उतरला तर मर्यादा ओलांडलीच. उपाय म्हणजे संच लहान करणे किंवा गळती-सूचक आणि आपोआप मिटणारे व्हॉल्व्ह बसवणे. कंत्राटदाराने हा गुणाकार खोलीनिहाय लिहून द्यायला हवा. पाण्याच्या पद्धतीत गॅस चिलरपाशीच राहतो. खोलीत गळले तर ओले छत दिसते, गॅसची गळती मात्र दिसत नाही. संचातल्या साऱ्या खोल्या हळूहळू कमी थंड होऊ लागणे आणि नळीच्या सांध्याभोवती तेलाचा डाग ही तिची खूण.

समारंभाच्या हॉलमध्ये तीनशे माणसे आली की बाहेरची ताजी हवा भरपूर घ्यावी लागते, आणि गोव्यात ती ओलसर असते. व्हीआरएफच्या छोट्या घरातल्या युनिटांना ही ओल झेपत नाही. तापमान 24 दाखवते आणि अंग चिकट राहते. थंड पाण्याचा मोठा हवा-संच तेच काम सहज करतो. त्यामुळे अशा हॉटेलात निवड अनेकदा दोन्हींमध्ये वाटून होते. खोल्यांना लहान संचांचे व्हीआरएफ, ताज्या हवेसाठी वेगळी कोरडी करणारी व्यवस्था, आणि हॉल-उपाहारगृहाला 65 टनांचा चिलर, जो समारंभ नसेल त्या दिवशी बराच मोकळा असतो. म्हणून त्यालाही कमी भारावर टिकणारे दोन कॉम्प्रेसर असलेले बरे.

समुद्राचा खारा वारा दोन्हींच्या बाहेरच्या पंखांना खातो, तेव्हा गंजरोधक लेप दोन्हीकडे हवा. दुरुस्तीत फरक पडतो. पंप किंवा पंख्याची मोटर स्थानिक कारागीर दुरुस्त करतो. व्हीआरएफचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड मात्र त्याच कंपनीचे लागते आणि ते येईपर्यंत बारा खोल्या बंद. शिवाय नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडला नाही, तर तांब्यावर काळी पपडी धरते आणि ती महिन्याभराने व्हॉल्व्हमध्ये अडकते. नळ्या छतात झाकण्याआधी जोडकाम पाहून, नायट्रोजन 40 बारवर भरून तो 24 तास टिकतो की नाही हे मोजावे लागते.