बाटलीवरचे पीपीएम आणि पंपातले औषध

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर निंबोळीपासून केलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. एकीवर ३०० पीपीएम लिहिलेले असते, दुसरीवर १५००, तिसरीवर १०,०००. शेजारच्या रासायनिक औषधावर मात्र २० टक्के. १०,००० हा आकडा मोठा दिसला तरी त्या बाटलीत अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला कीड रोखणारा मूळ घटक, अवघा १ टक्का असतो.

टक्का म्हणजे शंभर भागांतला एक भाग आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतला एक. म्हणून पीपीएमच्या आकड्याला १०,००० ने भागले की टक्के मिळतात. १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के, ३०० पीपीएम म्हणजे ०.०३ टक्के. टक्क्यांवरून पीपीएम काढायचे तर १०,००० ने गुणायचे.

पाण्याच्या तपासणी अहवालात बहुधा मिलिग्रॅम प्रति लिटर असे लिहितात. एक लिटर पाणी साधारण एक किलोचे, म्हणजे दहा लाख मिलिग्रॅमचे असते. त्यामुळे तिथे एक मिलिग्रॅम म्हणजेच एक पीपीएम. दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार १.५ पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालते. टक्क्यांत हे ०.००015 भरते. एवढी शून्ये मोजताना चूक होते, म्हणूनच पाण्यासाठी पीपीएम सोयीचे.

फवारणीत गोंधळ होतो तो बाटली बदलल्यावर. समजा, १५०० पीपीएमचे औषध लिटरला ५ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली घालायचे आहे. ५ मिली औषध एक लिटर पाण्यात गेले की ते दोनशे पट पातळ होते. पानावर पडणाऱ्या द्रावणात अझाडिरॅक्टिन उरते ७.५ पीपीएम, म्हणजे ०.०००७५ टक्के. आता १०,००० पीपीएमची बाटली आणली आणि जुन्या सवयीने ७५ मिलीच ओतले, तर द्रावण ५० पीपीएमचे होईल, जवळजवळ सातपट तीव्र. पैसा वाया जाईल, कोवळी पाने करपण्याचा धोकाही वाढेल. तेवढ्याच तीव्रतेसाठी पंपाला सव्वाअकरा मिली पुरे. अर्थात, प्रत्येक औषधातले तेल आणि इतर घटक वेगळे असल्याने अखेरचे प्रमाण लेबलवरचेच धरायचे.

घरी केलेल्या ५ टक्के निंबोळी अर्काला मात्र हे गणित लावू नये. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर द्रावण करतात. तिथले ५ टक्के निंबोळीचे असतात, अझाडिरॅक्टिनचे नव्हेत. निंबोळी जुनी किंवा बुरशी लागलेली असेल तर टक्के तेच राहतात आणि औषधी घटक घटतो. म्हणून भागाकार करण्याआधी आकडा कशाचा आहे, ते लेबलवर वाचावे: मूळ घटकाचा, की कच्च्या मालाचा?