कारखान्याची जागा आणि मालकाची तीन उत्तरे

टोमॅटो सॉसचा कारखाना काढायचा आहे. जागा नारायणगावला, बाजाराजवळ, की चाकणला, औद्योगिक पट्ट्यात? थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात मांडलेली पद्धत आधी निकषांची जोडीजोडीने तुलना करायला लावते. १ म्हणजे दोन्ही सारखे, ९ म्हणजे एक दुसऱ्यापेक्षा कमालीचा महत्त्वाचा.

समजा मालक म्हणाले, कच्चा माल रस्त्याच्या तिप्पट महत्त्वाचा, रस्ता मजुरांच्या दुप्पट. मग माल मजुरांच्या सहापट हवा. त्यांनी पाचपट सांगितले. हरकत नाही, माणूस अंदाजानेच बोलतो. यातून मालाला सुमारे ६५ टक्के, रस्त्याला २३ आणि मजुरांना १२ टक्के वजन मिळते.

पण तिसरे उत्तर ‘माल आणि मजूर सारखेच’ असे आले असते तर? वजने तेव्हाही निघतात, म्हणून सुसंगती तपासायची. उत्तरांतील विसंगतीला, तीन निकष असतील तर, ०.५८ने भागतात, वाटेल तशा भरलेल्या तक्त्यांत सरासरी एवढी विसंगती असते. भागाकार ०.१० पर्यंत चालतो. पाचपटीला तो ०.००३ येतो, ‘सारखेच’ला ०.३२. तेव्हा आकडे गुपचूप बदलू नयेत, मालकांना पुन्हा विचारावे.

पुढे प्रत्येक निकषावर दोन्ही गावांची अशीच तुलना करून गुणांना वजनाने गुणायचे. मात्र सुसंगत उत्तरे खरी असतातच असे नाही. शिवाय तिसरे गाव यादीत आले, की कधीकधी आधीच्या दोघांचा क्रमही उलटतो. या दोषावरून तज्ज्ञांत बराच वाद झाला आहे.