बक्षिसीचा मालक कोण?

हॉटेलच्या बिलावरील सेवा शुल्क ग्राहकाने द्यावे की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे गेली काही वर्षे भरपूर वाद झाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हे शुल्क आपोआप बिलात लावण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेथे या सूचनांना काही काळ स्थगिती मिळाली आणि अखेर २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या वैध ठरविल्या. त्यावर अपीलही झाले. या साऱ्या वादात हॉटेलचालकांचा एक युक्तिवाद सतत पुढे येत राहिला : हे शुल्क आमच्यासाठी नाही, कर्मचाऱ्यांसाठी आहे. हा युक्तिवाद खरा मानला, तर त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कर्मचाऱ्यांच्या नावाने घेतलेल्या या पैशातले मालकाला किती ठेवता येते, आणि उरलेल्याची वाटणी कोणी, कशी करायची?

या प्रश्नाचे आपल्या कायद्यातले मूळ उत्तर जयपूरमधून आले आहे. महाराजा सवाई मानसिंग (दुसरे) यांच्या रामबाग राजवाड्याचे १९५७ मध्ये हॉटेल झाले. पुढे तेथील व्यवस्थापन आणि राजस्थान हॉटेल वर्कर्स युनियन यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला व १९७६ मध्ये त्याचा निकाल लागला. वादाचा एक मुद्दा असा होता की, व्यवस्थापन ग्राहकांकडून सेवा शुल्क गोळा करते आणि ते कामगारांत वाटते. मग किमान वेतन कायद्यानुसार द्यावयाच्या वेतनात ही रक्कम धरता येईल काय?

न्यायालयाने नकार दिला. त्यामागचा विचार साधा आहे. वेतन म्हणजे नोकरीच्या कराराप्रमाणे मालकाने आपल्या खिशातून देणे असलेला मोबदला. सेवा शुल्क ग्राहक देतो. मालक ते फक्त जमा करतो आणि पुढे पोहोचवतो. ते व्यवस्थापनाचे उत्पन्न नव्हे. वेटरच्या हातावर ठेवलेली बक्षिसी आणि बिलातून आलेले सेवा शुल्क यांत फरक आहे तो केवळ वाटेचा. दुसऱ्याने दिलेल्या पैशातून स्वतःचे देणे फेडता येत नाही.

या निकालाचे मोल कळण्यासाठी एक आकडेमोड करून पाहू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. एखाद्या कामगाराचे किमान वेतन महिना १०,००० रुपये आहे. मालक त्याला स्वतःकडून ६,००० देतो आणि सेवा शुल्कातला ४,००० चा हिस्सा त्यात मिळवून १०,००० ची पावती करतो. कागदोपत्री सारे ठीक दिसते. सेवा शुल्काच्या पेटीतला एक रुपयाही मालकाने उचललेला नाही, असेही तो सांगू शकेल. प्रत्यक्षात त्या कामगाराचे ४,००० रुपये मालकाकडेच राहिले आहेत. त्याला १०,००० वेतन आणि ४,००० हिस्सा, असे मिळून १४,००० मिळायला हवे होते. पेटीला हात न लावता पेटी रिकामी करण्याची ही रीत जयपूरच्या निकालाने बेकायदा ठरवली.

आता वाटणीकडे वळू. या बाबतीत आपला कोणताही कायदा प्रमाण ठरवून देत नाही. वेटरला किती, आचाऱ्याला किती, भांडी घासणाऱ्याला किती, हे ठिकठिकाणी रूढीने किंवा संघटनेशी झालेल्या करारानेच ठरते. मोठ्या हॉटेलांत बहुधा गुणांची पद्धत असते : प्रत्येक हुद्द्याला काही गुण, महिन्याच्या एकूण जमेला एकूण गुणांनी भागायचे आणि येणाऱ्या दराने हिस्सा द्यायचा. समजा, एका हॉटेलात महिन्याला तीन लाख रुपये सेवा शुल्क जमले. चार कॅप्टनना प्रत्येकी पाच, सोळा वेटरना चार, बारा आचाऱ्यांना तीन, दहा भांडीवाल्यांना दोन आणि दहा शिकाऊ मदतनिसांना एक, असे मिळून १५० गुण होतात. गुणामागे २,००० रुपये आले. वेटरला ८,००० आणि भांडीवाल्याला ४,००० मिळाले.

पुढच्या महिन्यात दोन लहानसे बदल झाले असे धरू. फुटलेल्या काचसामानासाठी दहा टक्के, म्हणजे ३०,००० रुपये, आधीच बाजूला काढले. शिवाय व्यवस्थापक आणि कार्यालयातले दोन अधिकारी यांना प्रत्येकी दहा गुण देऊन यादीत घेतले. आता २,७०,००० रुपये १८० गुणांत वाटायचे. गुणामागचा दर १,५०० वर आला. वेटरला ६,००० आणि भांडीवाल्याला ३,००० मिळाले. ग्राहकांनी दिलेली रक्कम तीच, काम तेच. पण प्रत्येकाचा चौथा हिस्सा गेला. काचसामान फुटणे हा धंद्याचा खर्च आहे आणि व्यवस्थापकाचा पगार हे मालकाचे देणे आहे. दोन्ही बोजे कामगारांच्या पैशावर टाकले गेले, आणि टाकताना मालकाने काही ‘ठेवून घेतले’ असे कोणालाही दिसले नाही.

असा बदल रोखण्याचा मार्ग होता आणि आजही आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ आणि चौथ्या अनुसूचीनुसार रूढ सवलत काढून घ्यायची किंवा चालत आलेला प्रघात बदलायचा, तर कामगारांना नोटीस देऊन एकवीस दिवस थांबणे मालकावर बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्येही हीच तरतूद आहे. गुणांची यादी वर्षानुवर्षे चालत आलेली असेल, तर ती एका परिपत्रकाने बदलता येऊ नये. मात्र यासाठी जुनी यादी कागदावर हवी आणि ती दाखवून भांडणारी संघटना हवी. रामबागमध्ये संघटना होती, म्हणून प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. दहा टेबलांच्या भोजनालयात हे दोन्ही नसते.

जयपूरच्या तत्त्वाची दुसरी बाजूही आहे, आणि ती कामगाराला जड जाते. ही रक्कम वेतन नाही असे एकदा म्हटले की, वेतनाला जोडून येणारे संरक्षणही तिला मिळत नाही. क्वालिटी इन सदर्न स्टार या हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सेवा शुल्काचा हिस्सा हा कर्मचारी राज्य विमा कायद्याखालचे वेतन नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे त्यावर मालकाला विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. आजारपणातला रोख भत्ता वर्गणी भरलेल्या वेतनावरून ठरतो. साहजिकच ज्याची निम्मी मिळकत सेवा शुल्काची आहे, त्याचा भत्ता निम्म्या मिळकतीवरच मोजला जातो. २६ एप्रिल २०१६ रोजी आयटीसीच्या प्रकरणात न्यायालयाने प्राप्तिकरापुरतेही हेच सूत्र लावले : कार्डाने दिलेली टीप मालकाकडे जमा होऊन कर्मचाऱ्यांत वाटली गेली, तरी ती पगार नव्हे, म्हणून मालकाने त्यावर उगमस्थानी करकपात करण्याचे कारण नाही. ती कर्मचाऱ्याच्या हाती ‘इतर स्रोतांतून मिळालेले उत्पन्न’ ठरते. याच निकालातली एक गोष्ट मात्र कामगाराच्या उपयोगाची आहे. असा पैसा मालक स्वतःच्या नव्हे, तर विश्वस्ताच्या नात्याने धरून ठेवतो, असे न्यायालयाने मानले.

विश्वस्त हा शब्द गंभीरपणे घेतला, तर मालकाला काय ठेवता येते याचे उत्तर सरळ आहे : काहीही नाही. पण विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो, आणि नेमका हिशेब मागण्याचा सोपा मार्ग आपण ठेवलेला नाही. पगार बुडाला तर त्यासाठी ठरलेला अधिकारी असतो. बुडालेल्या हिश्शासाठी मालकाचे पहिले उत्तरच असे असते की, हे वेतन नव्हे. किमान वेतनाच्या वेळी ज्या रकमेला तो वेतन म्हणू पाहत होता, तिचेच वेतनपण तो आता नाकारतो. नव्या वेतन संहितेतही वेतनाच्या व्याख्येत टीप किंवा सेवा शुल्काचा स्पष्ट उल्लेख नाही. समावेशात नाही आणि वगळलेल्या बाबींतही नाही. व्याख्येचा गाभा जुन्या कायद्यासारखाच असल्याने जयपूरचे तत्त्व टिकावे असे माझे मत आहे. पण ते स्पष्ट शब्दांत लिहिण्याची संधी संसदेने घेतली नाही.

ब्रिटनने ती घेतली. तेथील २०२३ चा टीपवाटपाचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. मालकाच्या ताब्यातून जाणारी प्रत्येक टीप आणि सेवा शुल्क पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कामगारांना द्यावे लागते. कर सोडून कोणतीही कपात चालत नाही. कार्डाच्या व्यवहाराचा खर्चसुद्धा कापता येत नाही. वाटणीचे धोरण लेखी ठेवावे लागते, नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि कामगाराला त्या मागता येतात. कोणाला किती, हे आकड्याने कायदा तेथेही सांगत नाही. वाटणी न्याय्य असावी एवढेच म्हणतो. अमेरिकेने २०१८ मध्ये आणखी एक रेघ ओढली : मालकाने, व्यवस्थापकाने किंवा पर्यवेक्षकाने कर्मचाऱ्यांच्या टिपेतला हिस्सा घ्यायचा नाही.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत वाटणी खरी आहे की नावाची, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली म्हणजे, हिस्सा महिन्यागणिक बदलतो का? जयपुरात पर्यटकांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असतो. डिसेंबरमध्ये आणि जूनमध्ये वेटरच्या हाती तीच रक्कम पडत असेल, तर ते वाटप नाही. मालकाने सेवा शुल्क आपल्या गल्ल्यात घेऊन त्यातून ठरीव भत्ता चालवला आहे. दुसरी म्हणजे, पगाराच्या पावतीवर हिस्सा वेगळ्या ओळीत आहे का? तो एकूण पगारात मिसळलेला असेल, तर मूळ पगार किमान वेतनाला पुरतो की नाही, हे आधी तपासावे.

ग्राहकासाठीही यात एक गोष्ट आहे. दोन हजारांच्या जेवणावर दहा टक्के सेवा शुल्क लावले, तर पाच टक्के वस्तू व सेवा कर २,२०० रुपयांवर बसतो. म्हणजे त्या २०० रुपयांवर दहा रुपये कर जातो. वेटरच्या हाती दिलेल्या बक्षिसीवर तो लागत नाही. पण ती बक्षिसी मोरीवर भांडी घासणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि म्हणूनच सामाईक पेटीची कल्पना मुळात न्याय्य आहे. दिल्लीच्या निकालाने पेटीत पैसे टाकणे ग्राहकाच्या मर्जीवर सोडले, हे योग्यच झाले. आता ग्राहकाला आणि कामगाराला पेटीचा हिशेब पाहता यावा : महिन्याची जमा, गुणांची यादी आणि प्रत्येकाला मिळालेली रक्कम, एवढे तीन आकडे कर्मचाऱ्यांच्या फलकावर लावण्याची सक्ती राज्य सरकारांनी केली, तर जयपूरच्या कामगारांनी अर्ध्या शतकापूर्वी मिळवलेला निकाल संघटना नसलेल्या भोजनालयातही उपयोगी पडेल.